गिऱ्हाइकाचा रकाना

मंगळवारी दुपारी पाऊण वाजता गृहसखी मिक्सरवाल्यांची बातमी फुटली आणि अंधेरीच्या ‘दैनिक उपनगर’मधले जेवणाचे डबे अर्धवट उघडे राहिले. विक्रोळीची गृहसखी कंपनी ‘नोव्हेरा होम’ नावाच्या बड्या कंपनीत विलीन होणार होती. संचालकांची बैठक संपली की अर्ध्या तासात शेअर बाजाराला कळवायचं, असा नियम. त्याप्रमाणे बाजाराच्या संकेतस्थळावर पत्र चढलं, आणि पाठोपाठ चार पानी प्रेस नोट आली. तिच्यात काय नव्हतं! उज्ज्वल भविष्य होतं, समान मूल्यं होती, दोन संस्कृतींचा संगम होता. नक्की काय होणार आहे, तेवढं सोडून सगळं होतं.

हेमांगी त्या पेपरात अर्थविभागाची बातमीदार. वय एकोणतीस, वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. आई मंजुळा बाजारात मासळी विकते, म्हणजे घरातच उलटतपासणीचं शिक्षण. कुणी ‘ताजी आहे’ म्हणालं तर मंजुळा मान डोलावत नाही, कल्ला उचलून बघते. लेकीने तीच खोड पेपरात आणली, आणि म्हणून तर भाऊरावांनी तिला ठेवून घेतलं.

हे भाऊराव म्हणजे अर्थपानाचे संपादक. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, चष्मा दोरीला आणि जीव पानाला टांगलेला. विलीनीकरणाच्या बातमीत कुणी ‘दोन कंपन्यांचं लग्न’ असं लिहिलं की त्यांचं डोकं फिरे. लग्न असतं तर आपल्याला जेवायला तरी बोलावलं असतं, म्हणत. त्यांची एक पद्धत होती, आणि ती अख्ख्या ऑफिसला पाठ होती. कोऱ्या कागदावर दोन उभ्या रेघा मारायच्या, तीन रकाने करायचे. पहिला कामगाराचा, मधला गिऱ्हाइकाचा, तिसरा भागधारकाचा. प्रत्येकाच्या डोक्यावर एकच प्रश्न: उद्या सकाळी ह्याचं काय बदलणार? तिन्ही रकाने भरल्याशिवाय बातमी पानावर जायची नाही, मग मालकाचा फोन येवो नाहीतर मंत्र्याचा.

वेबसाइट सांभाळणाऱ्या मिहिरला असले सोपस्कार नव्हते. त्याने एक वाजता मथळा चढवलासुद्धा: ‘गृहसखीचं विलीनीकरण, एकाही नोकरीवर गदा नाही.’ भाऊरावांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, हे कोण म्हणालं? मिहिर म्हणाला, प्रेस नोट म्हणाली. मग प्रेस नोटलाच पगार देऊ, भाऊराव म्हणाले, आणि कोऱ्या कागदावर दोन रेघा मारून तो हेमांगीपुढे सरकवला. पवईच्या हॉटेलात साडेचारला पत्रकार परिषद होती. मध्ये साडेतीन तास.

तेवढ्यात हेमांगीने मसुदा उघडला. सगळ्या कंपन्या पहिल्याच दिवशी विलीनीकरणाचा मसुदा बाहेर टाकत नाहीत, ह्यांनी टाकला होता. चौसष्ट पानं. असला मसुदा वाचायचा म्हणजे बोंबलाचे काटे मोजण्यासारखं काम, पण तिने बैठक मारली. तिसरा रकाना आधी भरला, कारण तो सोपा. गृहसखीच्या पाच शेअरमागे नोव्हेराचे दोन मिळणार. आजच्या आज काही नाही: आधी शेअर बाजार आणि सेबीची तपासणी, मग कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या आदेशाने भागधारकांचं मतदान, मग न्यायाधिकरणाची मंजुरी. वर्ष सहज जाणार. तोवर शेअर गृहसखीचाच.

मधल्या रकान्यासाठी कलम बाविसावं होतं. गृहसखीच्या सगळ्या जबाबदाऱ्या आणि सगळे चालू करार नव्या कंपनीकडे जाणार. म्हणजे मिक्सरच्या मोटरची दहा वर्षांची वॉरंटीही जाणार. गिऱ्हाइकाला काळजी नाही. पहिला रकाना कलम सव्विसाव्यात सापडला. ‘कंपनीच्या पटावरील सर्व कर्मचारी’ आहे त्याच अटींवर, सेवेत खंड न पडता नव्या कंपनीत जाणार. झकास. तिन्ही रकाने भरले. पण कलम सव्विसमधल्या एका शब्दावर तिचं बोट अडकलं. पटावरील.

तिला घाटकोपरचा काउंटर आठवला. आईचा मिक्सर दोनदा तिथे नेला होता. गृहसखीची ही ख्याती मुंबईच्या बायकांना ठाऊक होती: मिक्सर बिघडला की आतल्या खोलीत गडप होत नाही. काउंटरवर बाई बसते, तुमच्या डोळ्यांसमोर तो खोलते, काय जळलंय ते दाखवते, जुना भाग तुमच्या हातात ठेवते. दुरुस्त करणाऱ्या सगळ्या बायकाच. ह्या बायका पटावर होत्या का? विचारायला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिने रिक्षाला हात केला.

घाटकोपर स्टेशनपासून दोन मिनिटांवर तो काउंटर. तिथली मुख्य मालन, चोवीस वर्षांच्या अनुभवाची, सासर कणकवलीचं, बिऱ्हाड विक्रोळीच्या चाळीत. सासरा गिरणीत होता, गिरणी कशी गेली ते त्याने जन्मभर सांगितलं. त्यामुळे ‘काही बदलणार नाही’ हे वाक्य ऐकलं की मालनचा जीव आधीच अर्धा होई. हेमांगी पोचली तेव्हा ती एका सिंधी आजींच्या मिक्सरचं पातं सोडवत होती, आणि पेचकस नेहमीपेक्षा जोरात फिरत होता. मिहिरचा मथळा तिच्या मोबाइलवर येऊन पडला होता. बाजूच्या दोघी मुली, अक्षता आणि शेवंती, तो पुन्हापुन्हा वाचत होत्या आणि हसत होत्या. मालन हसत नव्हती.

हेमांगीने ओळख सांगितली आणि सरळ विचारलं, पगार कोण देतं? मग सगळं उलगडलं. मालन आणि तिच्यासारख्या दोनशे तीस बायका कंपनीच्या पटावर नव्हत्याच. गृहसखीच्या संस्थापकांनी बायकांची सहकारी संस्था काढून दिली होती. कंपनी संस्थेशी करार करते, संस्था बायकांना पगार देते. एकेचाळीस काउंटर ह्या करारावर चालतात. करार दर तीन वर्षांनी होतो, आणि चालू करार येत्या एकतीस मार्चला संपतो.

हेमांगीने तारखा शेजारी शेजारी मांडल्या. विलीनीकरणाला वर्ष लागणार, करार सहा महिन्यांत संपणार. चालू करार नव्या कंपनीकडे जातील खरे, पण तोवर हा करार चालू असेल तर ना! कुणाला कामावरून काढायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं तरी दोनशे तीस बायका बाहेर, आणि प्रेस नोट तरीही खरी. एकाही ‘कर्मचाऱ्याची’ नोकरी जाणार नाही. काय लबाडी आहे ही, तिच्या मनात आलं. मग लगेच दुसरं आलं, कदाचित लबाडीही नसेल, कुणाला ह्यांची आठवणच झाली नसेल. ते तर जास्तच वाईट.

“तू माका खरा काय ता सांग,” मालन म्हणाली. पेचकस तिने खाली ठेवला होता. “ह्या कागदात आमी आसंव की नाय?”

हेमांगीला खोटं बोलता आलं नाही. कर्मचारी म्हणून नाही, तिने सांगितलं. चौसष्ट पानांत तुमचं नाव नाही. साडेचारला विचारणार आहे. मालनने मान हलवली, आजींच्या मिक्सरमध्ये पातं बसवलं, चालवून दाखवलं, जुना वॉशर आजींच्या हातावर ठेवला. काम संपल्यावर मात्र तिने भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, आमचं नाव तिकडं आहे.

भिंतीवर गणपतीशेजारी एक चकचकीत कागद होता. दोन हजार एक साली कंपनीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा संस्थापकांनी प्रत्येक बाईला पंचवीस शेअर दिले होते, कागदी सर्टिफिकेट, त्यावर नाव. एवढी मोठी गोष्ट, ती खराब होऊ नये म्हणून सगळ्या बायकांनी मिळून एका दिवसात स्टेशनसमोरच्या दुकानात सर्टिफिकेटं लॅमिनेट करून घेतली होती. सगळ्या जुन्या बायकांच्या घरी, भिंतीवर, प्लास्टिकमध्ये.

हेमांगीने कपाळावर हात मारला. नवे शेअर फक्त डीमॅट खात्यातच मिळणार, आणि कागदी सर्टिफिकेट त्यासाठी परत द्यावं लागतं, त्यावर रद्द केल्याचा शिक्का मारावा लागतो. शिक्का प्लास्टिकवर बसतो का? मालनला ते ऐकून हसूच आलं, त्या दिवसातलं पहिलं. “अगो, पावसात भिजूक नये म्हणून केलंव,” ती म्हणाली. हेमांगीने कंपनीच्या शेअरांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारचा पत्ता लिहून दिला, सर्टिफिकेट सोलायचा प्रयत्न चुकूनही करू नका, आधी अर्ज करून विचारा, असं बजावलं, आणि हा मजकूर तिसऱ्या रकान्यात टाकला. मुंबईत अशी लॅमिनेट केलेली घरं काय एकच असणार?

पवईच्या हॉटेलात एसी इतका की दात वाजावेत. खुर्च्यांवर वीसेक पत्रकार, मंचावर दोघं. एक नोव्हेराचे मुख्य अधिकारी, परीटघडीचे, दर वाक्यात ‘प्रवास’ म्हणणारे. दुसरा मितेश, गृहसखीचा व्यवस्थापकीय संचालक, संस्थापकांचा मुलगा, पन्नाशीचा, घाटकोपरलाच वाढलेला, टाय सवयीचा नसावा असा सारखा गळ्याशी बोट घालणारा. बाजूला माईक घेऊन श्रुतिका उभी, प्रसिद्धी सांभाळणारी, चुणचुणीत पोरगी.

पहिला पाऊण तास इतर पेपरवाल्यांनी शेअरचा भाव कुठे जाईल तेच विचारलं. जाईल तिकडे जाईल, हेमांगीला वाटलं. तिने हात वर केला, तो चारदा श्रुतिकाच्या नजरेतून सुटला, पाचव्यांदा हेमांगी उभीच राहिली.

कर्मचाऱ्यांचा प्रश्न तिने विचारलाच नाही. इथेच तिची हुशारी. तो विचारला असता तर उत्तर तयार होतं, ‘एकाही नोकरीवर’ वगैरे, छापलेलं. येता येता रिक्षात भाऊरावांच्या कागदाकडे बघताना तिच्या लक्षात आलं होतं की मालनचं उत्तर पहिल्या रकान्यात नाहीच, ते मधल्यात आहे. तेव्हा तिने गिऱ्हाइकाचा प्रश्न विचारला.

“आज विकलेल्या मिक्सरची वॉरंटी दहा वर्षं, आणि ती जबाबदारी नव्या कंपनीवर जाते, बरोबर?” बरोबर, दोघांनी माना डोलावल्या. “मग एकतीस मार्चनंतर तो मिक्सर कोण दुरुस्त करणार? कारण काउंटरवरच्या बायकांच्या संस्थेचा करार त्या दिवशी संपतो, आणि कर्मचाऱ्यांच्या कलमात त्या नाहीत.”

नोव्हेरावाल्या साहेबांनी मितेशकडे पाहिलं. साहेबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की ही संस्था बिंस्था त्यांनी आजच ऐकली. श्रुतिका मितेशपुढचा माईक घ्यायला पुढे झाली, पण मितेशने तो आपल्याकडेच धरून ठेवला. गळ्याशी गेलेलं बोट खाली आलं.

“त्याच करणार,” तो मराठीतच म्हणाला. “काउंटर बंद झाला तर वॉरंटीचा कागद काय चाटायचाय गिऱ्हाइकाने? करार आम्ही मार्चच्या आत नवा करू.”

“किती वर्षांचा?” हेमांगीने बसायच्या आत विचारलं.

मितेशने क्षणभर साहेबांकडे पाहिलं. साहेब हिशेब करत असावेत. लाखो मिक्सर, दहा वर्षं, दुसरे कारागीर शोधा, शिकवा, जागा घ्या. त्यांनी मान हलवली, होकाराची. “वॉरंटी आहे तेवढा,” मितेश म्हणाला. “दहा.”

हेमांगीला तिथल्या तिथे टाळी वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, बातमीदाराने वाजवायची नसते. बाहेर येऊन मात्र तिने पवई तलावाकडे बघत एक मोठा श्वास सोडला आणि मालनचा नंबर काढला. अंगठा बटणावर होता. मग भाऊराव आठवले, आणि तिने आधी त्यांना फोन लावला. बरं झालं.

भाऊराव म्हणाले, शाब्बास. मग म्हणाले, आता सांग, हे कागदावर कुठे आहे? तोंडी बोलणं म्हणजे बोलाचीच कढी. त्या बाईला फोन करून ‘तुमचं पक्कं झालं’ म्हणालीस आणि उद्या हे फिरले तर तिने कुणाचं तोंड बघायचं? जे बोलले ते लिही. जे लिहून दिलेलं नाही, ते लिहून दिलेलं नाही असं लिही. दोन्ही एकाच ठशात.

आणि झालंही तसंच. सहा वाजता ती ऑफिसात बातमी लिहीत असताना श्रुतिकाचा फोन आला, गोड आवाजात. मितेशसर ओघात बोलून गेले, कायदा विभागाने अजून पाहिलेलं नाही, तेवढं वाक्य नको ना यार. हेमांगीला तिची कीवच आली, बिचारी नोकरीच करत होती. पण वीस जणांसमोर माईकवर बोललेलं ते वाक्य. ती शांतपणे म्हणाली की वाक्य राहणार, मात्र कंपनीला त्यात बदल हवा असेल तर तसं लेखी पाठवा, शेजारीच छापू. कायदा विभागाचं अजून बाकी आहे, हेही लिहिते. लेखी काही आलं नाही. नऊ वाजता पान गेलं.

बुधवारी बातमी पहिल्या पानावर होती. मथळा भाऊरावांनी दिला: ‘मिक्सरची वॉरंटी दहा वर्षं, दुरुस्त करणाऱ्यांचा करार मार्चपर्यंत.’ खाली तीन रकाने. पहिल्यात लिहिलं होतं, पटावरचे कर्मचारी त्याच अटींवर; सहकारी संस्थेच्या दोनशे तीस महिलांना मसुद्यात स्थान नाही, त्यांचा करार दहा वर्षांसाठी नवा करण्याचं आश्वासन संचालकांनी पत्रकार परिषदेत दिलं, ते लेखी नाही. मधल्यात वॉरंटी. तिसऱ्यात पाचाला दोन, मतदान, आणि लॅमिनेट केलेल्या सर्टिफिकेटांचं काय करावं ते. मिहिरने आपला मथळा सकाळीच बदलला होता, आणि कुणाकडे बघत नव्हता.

हेमांगीने मालनला फोन केला. मालनने बातमी वाचली होती, अक्षताने मोठ्याने वाचून दाखवली होती. ‘ते लेखी नाही’ हे शब्द मालनने म्हणे दोनदा वाचायला लावले. आता फोनवर एवढंच म्हणाली, बरां केलंस खरां लिवलंस. आवाज कोरडा होता. हेमांगीला समोरचा चहा कडू लागला. खरं लिहून आपण त्या बाईची झोप उडवली, एवढंच केलं की काय, असं तिला वाटत राहिलं.

साडेअकराला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर एक ओळ दिसली. ‘दैनिक उपनगर’मधल्या वृत्ताच्या संदर्भात गृहसखी लिमिटेडकडून खुलासा मागवला आहे. बाजार असा खुलासा मागवतो तेव्हा कंपनीला हो की नाही ते लेखी सांगावं लागतं. ‘ओघात बोललो’ हे तिथे चालत नाही. भाऊराव उठून हेमांगीच्या मागे येऊन उभे राहिले. मिहिरही आला. अर्धं ऑफिस एका पडद्याकडे बघत होतं आणि पडदा दुपारी सव्वातीनपर्यंत तसाच होता.

सव्वातीनला पत्र चढलं. एक पान, मितेशची सही. पत्रकार परिषदेतील विधान कंपनीला मान्य आहे. वॉरंटीची जबाबदारी पार पाडण्यासाठी महिला सहकारी संस्थेसोबतचा करार सध्याच्याच अटींवर दहा वर्षांसाठी करण्यास संचालक मंडळाने आज मान्यता दिली आहे. विलीनीकरणानंतर, मसुद्यातील कलम बावीसनुसार, इतर करारांप्रमाणे तो नव्या कंपनीवर बंधनकारक राहील.

कलम बावीस! मधला रकाना! हेमांगीने खुर्चीतच गिरकी घेतली. भाऊराव चष्मा पुसत राहिले. मिहिरने विचारलं, आता तरी ‘एकाही नोकरीवर गदा नाही’ चालेल का? नाही, भाऊराव म्हणाले, न्यायाधिकरण बाकी आहे, लिही ‘करार दहा वर्षांसाठी, कंपनीचा लेखी खुलासा’. आणि पानावर तसंच गेलं.

हेमांगीने पत्राची प्रत काढली आणि थेट घाटकोपर गाठलं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. काउंटरवर गर्दी होती, मालन कुणाच्या तरी जळलेल्या मोटरवर वाकली होती. हेमांगीने कागद समोर ठेवला आणि बोटाने ओळ दाखवली. मालनने तेलकट हात पुसले, चष्मा लावला, वाचलं. ‘महिला सहकारी संस्था’ ह्या तीन शब्दांवरून तिने अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने लपवलंही नाही. गिऱ्हाईक घाबरलं, त्याला वाटलं मोटर गेली.

“गावलंव,” मालन अक्षता-शेवंतीला म्हणाली. “आमी कागदात गावलंव गो.”

मग नाक पुसून तिने शेवंतीच्या हातात कागद आणि पन्नासची नोट दिली, स्टेशनसमोरच्या त्याच दुकानात जायला सांगितलं. शेवंती दारापर्यंत गेली तशी मालनने तिला हाक मारून थांबवलं आणि संशयाने हेमांगीकडे वळून विचारलं, ह्येका तरी प्लास्टिक चलात मां?

“ह्याला चालेल, मालनताई,” हेमांगी म्हणाली. “ह्याची मूळ प्रत शेअर बाजारात आहे.”